कँटनीजचा सूर लावा आकड्यांतून

हाँगकाँग बेटावर नॉर्थ पॉइंट भागात चुन येउंग स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना भाजी, फळं, मासळी आणि सुक्या जिनसांची दुकानं, आणि मधोमध ट्रामचे रूळ. ट्रामची घंटा वाजली की माणसं पिशव्या सावरत कडेला होतात, ती गेली की रस्ता पुन्हा गिऱ्हाइकांनी भरून जातो. हॉटेलात आणि मेट्रोत इंग्रजीवर सहज निभावतं. इथे भाजीच्या गाड्यामागे उभ्या असलेल्या साठीतल्या बाईशी निभावेलच असं नाही. २०२१च्या जनगणनेनुसार हाँगकाँगमधल्या सुमारे ८८ टक्के लोकांची रोजची भाषा कँटनीज आहे, आणि बाजारात तर तिचंच राज्य असतं.

प्रवासी बहुधा ‘नमस्कार’, ‘तुम्ही कसे आहात’ इथून सुरुवात करतात. माझं मत वेगळं आहे. कँटनीज शिकायची तर आधी आकडे शिकावेत. बाजारात सगळ्यात जास्त ऐकू येतात ते आकडेच, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे: या भाषेतले सहाही सूर शून्य ते नऊ या आकड्यांमध्ये आलेले आहेत. आकडे नीट म्हणता आले की बाकीची वाक्यं त्यांच्या मापाने लावता येतात.

कँटनीजमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला सूर असतो. तो बदलला की शब्द बदलतो. युएन रेन चाओ या चिनी भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली असे सूर कागदावर मांडण्यासाठी आवाजाच्या पाच पायऱ्या कल्पिल्या. चाओ स्वतः संगीतकारही होते. आपल्याला त्या पायऱ्या सा, रे, ग, म, प अशा मनात धरता येतात. स्वरांमधलं नेमकं अंतर महत्त्वाचं नाही, कोणता वर आणि कोणता खाली एवढंच सांभाळायचं. पहिला सूर म्हणजे वरचा, सपाट ‘प’. दुसरा ‘रे’पासून ‘प’पर्यंत चढणारी मींड. तिसरा सपाट ‘ग’. चौथा ‘रे’वरून ‘सा’वर उतरणारा. पाचवा ‘रे’पासून जेमतेम ‘ग’पर्यंत चढणारा. सहावा सपाट ‘रे’. आपल्या नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत हे सहज बसतं, गायला लागत नाही.

आता आकडे. तीन, नऊ, चार, शून्य, पाच, दोन हे याच क्रमाने म्हणा: साम१, कौ२, सेइ३, लिङ४, ङ्५, यी६. अक्षरापुढचा अंक म्हणजे त्याचा सूर. पहिल्यापासून सहाव्यापर्यंतचे सगळे सूर ओळीने आले. कँटनीज शिकवणारे ही ओळ हमखास सांगतात, कारण एखादा नवा शब्द कोणत्या सुराचा आहे अशी शंका आली की तो या सहापैकी कोणत्या आकड्यासारखा वाजतो हे ताडून बघता येतं. उरलेल्यांपैकी सात, आठ, सहा म्हणजे छत्१, पात्३, लुक्६. हे तेच वरचे, मधले आणि खालचे सपाट सूर आहेत, फक्त तोडून म्हटलेले. एक म्हणजे यत्१ आणि दहा म्हणजे सप्६.

या तोडण्याकडे मराठी माणसाने लक्ष द्यायला हवं. आपण ‘साप’ म्हणतो तेव्हा शेवटी ओठ मिटतात आणि पुन्हा उघडतात. कँटनीज ‘सप्’मध्ये ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. ‘यत्’मध्ये जीभ दातांमागे जाऊन तिथेच थांबते. शेवटचा आवाज मोकळा सोडला की ऐकणाऱ्याला तिथे आणखी एक अक्षर असल्यासारखं वाटतं.

बाकी उच्चारांत मात्र आपली बाजू भक्कम आहे. कँटनीजमध्ये क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे फरक अर्थ बदलतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते कष्टाने शिकावे लागतात, आपल्याला ते बाराखडीतच मिळालेले असतात. घोटाळा होतो तो पाट्यांवरच्या रोमन स्पेलिंगमुळे. ‘कौलून’ आणि ‘काय टाक’ ही दोन्ही नावं इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात. स्थानिक माणूस मात्र पहिलं कौ२ लुङ४ असं म्हणतो आणि दुसरं खै२ तक्१. पहिल्यात स्वच्छ क, दुसऱ्यात स्वच्छ ख. शक्य तिथे स्पेलिंग वाचू नका, ऐका. तसंच ‘कै’ आणि ‘काय’, ‘कौ’ आणि ‘काव’ यांतला आपल्याला उपजत कळणारा फरकही तिथे जसाच्या तसा लागतो. इथे मी ‘च’ लिहितो तो सगळीकडे ‘चमचा’तला च समजावा. ‘छ’ म्हणजे त्याच जागेवरून हवेच्या झोताने काढलेला आवाज, आणि नुक्ता दिलेला ‘फ़’ म्हणजे ‘फॅन’मधला. ‘लेउङ’सारख्या शब्दात ओठ गोल ठेवून ‘ए’ म्हणायचा प्रयत्न करावा.

एवढ्या तयारीवर भाजी घेता येते. समजा, तुम्हाला छॉय३ सम१ हवी आहे. ही हाँगकाँगच्या घराघरात रोज शिजणारी पालेभाजी, लांब हिरवे देठ आणि कधी टोकाला बारीक पिवळी फुलं असलेली. गाड्यासमोर उभं राहिलात की विक्रेती बहुधा स्वतःच बोलेल: ‘लेङ३ नोइ५, यिउ३ मे१ आ३?’ म्हणजे ‘सुंदरी, काय हवं?’ पुरुष असेल तर ‘लेङ३ चै२’, देखणा. ही बाजारातली रोजची हाक आहे, वयाचा आणि रूपाचा तिच्याशी संबंध नाही. ती तिसऱ्या सुरातच राहू द्या. कारण तुम्ही कौतुकाने दुकानदाराच्या मुलाला लेङ१ चै२ म्हणालात, म्हणजे आवाज वर नेलात, तर त्याचा अर्थ ‘पोरगेला, अजून मिसरूड न फुटलेला’ असा काहीसा होतो.

तुम्ही विचारायचं: ‘छॉय३ सम१ केइ२ तॉ१ छिन२ यत्१ कन१ आ३?’ केइ२ तॉ१ छिन२ म्हणजे ‘किती पैसे’ आणि यत्१ कन१ म्हणजे एक कन. भाजीचं नाव येत नसेल तर बोट दाखवून नी१ कॉ३, ‘हे’, एवढं पुरतं. आज बरेच लोक शब्दाच्या सुरुवातीच्या ‘न’चा ‘ल’ करतात, त्यामुळे तुम्हाला ली१ कॉ३ ऐकू येईल. ते एकच आहे.

समजा, उत्तर आलं: ‘सप्६ यी६ मन१.’ दहा-दोन, म्हणजे बारा डॉलर. डॉलरला बोलताना मन१ म्हणतात. एक कन आपल्याला जास्त होईल, म्हणून सांगायचं: ‘पुन३ कन१, म४ कॉय१.’ अर्धा कन, कृपया. ती तोलून म्हणेल ‘लुक्६ मन१’, सहा डॉलर. बारा डॉलर कन, त्याचं अर्धं सहा: हिशोब जुळला म्हणजे तुम्ही ऐकलेले आकडे बरोबर होते. मोठी नोट काढलीत तर ‘यौ५ मोउ५ सान२ ची२?’ असा प्रश्न येईल, सुटे आहेत का? भाजीच्या गाड्यावर वीस डॉलरच्या नोटा आणि नाणी जवळ असलेली बरी.

किंमत ऐकताना तीन गोष्टींवर कान ठेवावा. अकरा आणि सतरा, म्हणजे सप्६ यत्१ आणि सप्६ छत्१, गर्दीत जवळजवळ सारखेच ऐकू येतात. शंका आली तर आकडा उलट म्हणून दाखवा किंवा बोटांनी विचारा. दुसरं, विसाला यी६ सप्६ म्हणण्याऐवजी पुष्कळदा नुसतं या६ म्हणतात, म्हणून पंचवीस म्हणजे या६ ङ्५. तिसरं, अर्ध्या डॉलरसाठी शेवटी कॉ३ पुन३ येतं: सप्६ यी६ कॉ३ पुन३ म्हणजे साडेबारा. नुसतं कॉ३ पुन३ म्हणजे दीड.

आता वजन, कारण प्रवाशाचे पैसे खरे जातात ते इथे. हाँगकाँगचा कन, ज्याला इंग्रजीत कॅटी म्हणतात, सुमारे ६०५ ग्रॅमचा असतो. सीमेपलीकडे ग्वांगझोउमध्येही कँटनीजच बोलतात, पण तिथला कन बरोबर ५०० ग्रॅमचा. एका कनचे सोळा लेउङ२ होतात, आपल्याकडे शेराचे सोळा छटाक होते तसेच. एक लेउङ२ म्हणजे जेमतेम ३८ ग्रॅम. भाजी आणि फळं कनवर विकतात. सुकी मासळी, अळंबी, जिनसेंग आणि औषधी मुळ्या मात्र लेउङ२वरही विकतात, आणि पाटीवरची आकडा सोडून बाकीची अक्षरं पाहुण्याला वाचता येत नाहीत. गिऱ्हाइकाला वाटतं की ८० डॉलर ही एका कनची किंमत आहे. दुकानदार जिन्नस तोलतो, लगेच कापतो किंवा दळतो, आणि मग ८० डॉलर लेउङ२च्या भावाने हिशोब करतो. एका कनचे १,२८० डॉलर होतात, आणि कापलेला माल परत घेता येत नाही असं सांगितलं जातं. हाँगकाँगच्या सीमाशुल्क विभागाने असं करणाऱ्या दुकानांवर खटले भरलेले आहेत.

यावर उपाय एका वाक्याचा आहे आणि तो पाठच करावा: ‘यत्१ कन१ तिङ६ यत्१ लेउङ२?’ एका कनला की एका लेउङला? उत्तर मिळेपर्यंत काही कापू देऊ नका. वस्तू मोजताना ‘दोन’साठी यी६ न वापरता लेउङ५ वापरतात: दोन डॉलर म्हणजे लेउङ५ मन१, दोन माणसं म्हणजे लेउङ५ वै२. वजनाचा लेउङ२ आणि दोनचा लेउङ५ यांत फरक फक्त मींड कुठवर चढते याचा आहे, ‘प’पर्यंत की ‘ग’पर्यंत. म्हणूनच ‘दोन लेउङ’ म्हणायची वेळ आली की स्थानिक लोक यी६ लेउङ२ म्हणतात.

भाजीच्या गाड्यावर घासाघीस करू नये. तिथे नफा थोडा असतो आणि भाव पाटीवर लिहिलेला असतो. त्याऐवजी पैसे देताना हसून म्हणावं: ‘पेइ२ थिउ४ छुङ१ आ१.’ एक कांद्याची पात द्या ना. आपल्याकडे भाजीवर कोथिंबीर मागतात तशी तिथे पात मागायची रीत आहे, आणि ती बहुधा मिळते. टेंपल स्ट्रीटच्या रात्रबाजारात किंवा मोंगकॉकच्या लेडीज मार्केटमध्ये मात्र भाव करायलाच हवा: ‘फेङ४ ती१, तक्१ म४ तक्१ आ३?’ थोडं स्वस्त, चालेल का? हा सांगाडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तक्१ म्हणजे चालेल, म४ म्हणजे नाही. ‘चालेल-न-चालेल’ असं एका दमात म्हटलं की प्रश्न तयार होतो, आणि नुसतं तक्१ किंवा म४ तक्१ म्हटलं की उत्तर.

या वाक्यांच्या शेवटी येणारे आ३ आणि आ१ उगाच नाहीत. मराठीत आपण प्रश्न विचारताना शेवटचा शब्द वर उचलतो. कँटनीजमध्ये तसं केलं तर त्या शब्दाचाच सूर बिघडतो. आर्जव, शंका, लाडीगोडी हे सगळं तिथे या शेवटच्या छोट्या अक्षरावर जातं, आपण ‘द्या ना’, ‘येता का’ म्हणतो त्यातल्या ‘ना’ आणि ‘का’सारखं. आ३ने प्रश्न मऊ होतो, आ१ने विनंती जवळिकीची होते. म्हणून आधीचे शब्द आपल्या सुरात शांतपणे म्हणा आणि भावना शेवटाला ठेवा. मराठी जिभेसाठी सुराची याहून उपयोगी सूचना मला माहीत नाही.

आभाराचे शब्द दोन आहेत. कुणी काम करून दिलं, वाट दिली, चहा ओतला, तर म४ कॉय१. हेच ‘कृपया’ आणि हेच ‘जरा ऐकता का’. कुणी भेट दिली किंवा पैसे दिले, तर तॉ१ चे६. म्हणून भाजी हातात घेताना तुम्ही म४ कॉय१ म्हणता आणि पैसे घेताना विक्रेती तॉ१ चे६ म्हणते.

म४ कॉय१ची खरी गरज उपाहारगृहात लागते, कारण वेटरला बोलवायचा शब्द तोच. खाली उतरून एकदम वर जाणारी ही जोडी मोठ्याने म्हणावी लागते. हळू आवाजातल्या सभ्यतेकडे तिथल्या गोंगाटात कुणाचं लक्ष जात नाही. दारात ‘केइ२ तॉ१ वै२ आ३?’ असं विचारतील, किती जण? उत्तर: ‘लेउङ५ वै२.’ गर्दीच्या वेळी ताप्३ थॉय२, म्हणजे अनोळखी लोकांच्या टेबलावर बसणं, ठरलेलंच असतं. डिम सम खायला गेलात तर बसताक्षणी प्रश्न येईल, ‘हॉय१ मे१ छा४?’ कोणता चहा? काळा, मातकट वासाचा हवा तर पोउ२ लेइ२, मोगऱ्याच्या वासाचा हवा तर हेउङ१ फिन२. या चहाचे माणशी पैसे बिलात लागतात, तो प्यायलात किंवा नाहीत तरी. किटलीतलं पाणी संपलं की झाकण कलतं ठेवा, वेटर न सांगता गरम पाणी भरून जातो. कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला आणि तोंडात घास असला, तर दोन बोटं टेबलावर हलकेच आपटली की आभार पोचतात.

शाकाहारी मराठी माणसाने इथे एक शब्द पक्का करावा: चाय१. ‘ङॉ५ सिक्६ चाय१’ म्हणजे ‘मी शाकाहारी खातो’. चहा मात्र छा४. ‘म४ यिउ३ युक्६’, मांस नको, असं सांगितलं तर मांसाचे तुकडे जातील, पण कोंबडीचं पाणी, सुका झिंगा आणि डुकराची चरबी राहू शकते. त्या वाक्यात त्यांचा उल्लेखच नाही. चाय१ हा बौद्ध परंपरेतला शब्द आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असं जेवणारे लोक हाँगकाँगमध्ये आजही पुष्कळ आहेत, त्यामुळे वेटरला काय टाळायचं ते नेमकं कळतं. काटेकोर चाय१मध्ये कांदा-लसूणही नसतो, म्हणून जैन प्रवाशालाही हाच शब्द उपयोगी.

तरी काही पदार्थ फसवतात. यौ४ छॉय३ म्हणजे नुसती उकडलेली पालेभाजी, पण तिच्यावर कालवांपासून केलेलं सॉस घालून देतात. मागवताना ‘चौ२ होउ४ यौ४’ असं जोडावं. होउ४ यौ४ म्हणजे ते सॉस आणि चौ२ म्हणजे ‘वगळा’. लॉ४ पाक्६ कोउ१, मुळ्याची परतलेली वडी, दिसायला निरुपद्रवी असते. तिच्यात सुका झिंगा आणि डुकराच्या सॉसेजचे बारीक तुकडे असतात. उलट चाय१ छेउङ२ बिनधास्त मागवावं: तांदळाची वाफवलेली गुंडाळी, आत काहीच नाही. इथे चाय१चा अर्थ ‘नुसतं’ असा होतो, आणि त्याच अर्थाने काळ्या कॉफीला चाय१ फ़े१ म्हणतात.

चौ२ हा शब्द छा छान थेंग नावाच्या साध्या चहाघरांत सतत ऐकू येतो. चौ२ पिङ१, बर्फ नको. सिउ२ थिम४, गोड कमी. गरम दूध-चहा, यित्६ नाय५ छा४, बिनसाखरेचा येतो आणि साखर टेबलावर असते, म्हणून सिउ२ थिम४ फक्त थंड चहाला सांगायचं. साखर म्हणजे थॉङ४ आणि सूप म्हणजे थॉङ१. जेवणासोबत सूप हवं असताना आवाज खाली सोडलात तर वेटर क्षणभर थबकेल.

शेवटी बिल: ‘म४ कॉय१, माय४ तान१.’ आपल्या सवयीने शेवट उचलू नका. अंड्याला तान२ म्हणतात आणि विकत घेण्याला माय५, त्यामुळे दोन्ही शब्द वर गेले तर तुम्ही अंडी विकत घ्यायला निघालात असं होतं. जेवण झालेल्या टेबलावर वेटर अर्थात बिलच आणेल. प्रसंग पुष्कळ सांभाळून घेतो, म्हणून सुराच्या भीतीने गप्प बसू नये. बिलात दहा टक्के सेवाशुल्क धरलेलं असेल, त्याला का१ यत्१ म्हणतात. ते असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही.

एका बाबतीत मात्र जिभेवर मुळीच विसंबू नका. शेंगदाणे, झिंगा, तीळ यांची ॲलर्जी असेल तर ते चिनी लिपीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा आणि मागवण्याआधी ते स्वयंपाकघरापर्यंत पाठवा.